पॉलिसीतली ‘हे मिळणार नाही’ची पानं: कोल्हापुरातले ग्राहक वारंवार विचारतात ते प्रश्न

शाहूपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात लोक आरोग्य विम्याची पॉलिसी मोबाइलवर उघडून आणतात आणि विचारतात, “यातलं काय मिळणार नाही तेवढं सांगा.” त्यांना जे तोंडी सांगतो, ते इथे लिहून काढलं आहे. जास्त जागा वेटिंग पिरियडच्या, म्हणजे ठरावीक मुदत उलटेपर्यंत पैसे न देण्याच्या, तीन कलमांना दिली आहे, कारण माझ्या टेबलावर येणारे बहुतेक वाद तिथलेच असतात.

ही कलमं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात का?

महत्त्वाच्या कलमांची भाषा सगळीकडे सारखीच असते. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २७ सप्टेंबर २०१९ ला अशी अठरा कलमं ठरवून दिली आणि त्यांना क्रमांक दिले. तुमची पॉलिसी पीडीएफमध्ये उघडा आणि शोधायच्या चौकटीत आधी `Excl0` आणि मग `Excl1` टाइप करा. `Excl01` पासून पुढची कलमं एकेक करून समोर येतील. कंपनीनुसार बदलतात ते महिन्यांचे आकडे आणि आजारांची यादी. म्हणून शेजाऱ्याच्या पॉलिसीवरून आपलं अनुमान काढू नका.

पहिली तीन कलमं ठरावीक मुदतीनंतर संपतात. बाकीची कलमं पॉलिसी चालू असेपर्यंत तशीच राहतात. त्यामुळे प्रत्येक कलम वाचताना आधी एवढंच बघा, याला तारीख आहे का?

`Excl03` म्हणजे पहिल्या तीस दिवसांचं कलम. ते साध्या शब्दांत काय सांगतं?

“पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिल्या तीस दिवसांत कुठलाही आजार झाला तर त्याचा खर्च आम्ही देणार नाही. अपघात झाला तर देऊ.” बस्स, एवढंच. सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त विमा चालू असेल तर हे कलम लागत नाही. मात्र मधे विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढवलेल्या भागापुरतं ते पुन्हा लागतं.

`Excl02` मध्ये आजारांची लांबलचक यादी आहे. ती कशासाठी?

“खाली लिहिलेल्या आजारांचा आणि ऑपरेशनांचा खर्च, पॉलिसी सलग अमुक महिने चालल्याशिवाय आम्ही देणार नाही. आजार पॉलिसी घेतल्यानंतर झाला असला तरीही नाही. तो अपघातामुळे उद्भवला असेल तर मात्र देऊ.”

मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, भगेंद्र, पित्ताशयातले आणि किडनीतले खडे, गर्भाशय काढणं, प्रोस्टेटची वाढ, सायनस, टॉन्सिल, व्हेरिकोज व्हेन्स, सांधे बदलणं ही नावं या यादीत बहुतेक ठिकाणी दिसतात. मुदत बऱ्याच पॉलिसींत २४ महिने असते. काही आजारांना, विशेषतः गुडघा बदलण्याला, ती ३६ महिने असते. ३६ च्या पुढे आता कोणालाच जाता येत नाही.

लोकांचा घोळ होतो तो ‘पॉलिसी घेतल्यानंतर झाला असला तरीही’ या शब्दांवर. काकू म्हणतात, “अहो, पॉलिसी काढली तेव्हा मला खडे नव्हतेच, सोनोग्राफी आहे माझ्याकडे.” सोनोग्राफी खरी आहे, पण या कलमाला तिच्याशी कर्तव्य नाही. हे यादीतले आजार सावकाश वाढतात आणि ऑपरेशन बहुतेक वेळा सोयीने ठरवता येतं. त्यामुळे ऑपरेशन ठरवून पॉलिसी घेणाऱ्यांपासून बचाव म्हणून कंपनीने ही यादीच बाजूला ठेवलेली असते.

इथे उपचाराची तारीख मोजली जाते. पॉलिसी १५ जून २०२४ ला सुरू झाली आणि मुदत २४ महिने असेल, तर मोतीबिंदूचं ऑपरेशन १० जून २०२६ ला केल्यास पैसे मिळणार नाहीत. तेच ऑपरेशन रिन्यूअल झाल्यावर २० जूनला केलं तर क्लेम बसतो. डॉक्टरांनी मार्चमध्येच ‘पिकलाय’ असं लिहून दिलं असलं तरी बिघडत नाही. दहा दिवस थांबणं तब्येतीला चालणार असेल तर तसं डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि `Excl01`? आधीपासूनचा आजार म्हणजे नक्की कोणता?

“पॉलिसी घेण्याआधीपासून जो आजार होता, त्याचा आणि त्यातून थेट उद्भवलेल्या गुंतागुंतीचा खर्च, पॉलिसी सलग अमुक महिने चालल्याशिवाय देणार नाही. मुदत संपल्यावर देऊ, पण तो आजार तुम्ही अर्जात लिहिलेला असला आणि आम्ही तो स्वीकारलेला असला तरच.”

१ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिने आहे. आधी ती ४८ होती. ‘आधीपासूनचा’ याची व्याख्याही ठरलेली आहे. पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलं असेल, किंवा त्या आजारासाठी सल्ला वा उपचार दिले असतील, तरच तो आधीपासूनचा. दहा वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं आणि नंतर त्यासाठी दवाखान्याची पायरी चढला नसाल, तर ते या व्याख्येत येत नाही. अर्जात ‘आजवर कधी ऑपरेशन झालं आहे का’ असं विचारलं असेल, तर ते तिथे लिहायचंच.

एखादा आजार `Excl01` आणि `Excl02` दोन्हींत बसला, तर ज्याची मुदत लांब ती लागते. वरच्या उदाहरणात मोतीबिंदूचं निदान पॉलिसीच्या आधीच झालेलं असेल आणि आधीच्या आजारांना ३६ महिने असतील, तर जून २०२६ ला काही मिळणार नाही, जून २०२७ ची वाट बघावी लागेल.

‘थेट उद्भवलेली गुंतागुंत’ कशी ओळखायची? शुगर आहे म्हटल्यावर कंपनी सगळंच शुगरच्या खात्यात टाकते.

हा प्रश्न सगळ्यात मोलाचा, म्हणून एक उदाहरण पुरतं सोडवून दाखवतो. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.

शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणारे एक आप्पा धरा. वय ५२, सहा वर्षांपासून शुगर, दोन वेळा गोळी. १५ जून २०२४ ला त्यांनी तीन लाखांची पॉलिसी घेतली, शुगर अर्जात लिहिली, कंपनीने थोडा जास्त प्रीमियम लावून ती स्वीकारली. शुगरचा वेटिंग पिरियड ३६ महिने, म्हणजे १४ जून २०२७ पर्यंत. जून २०२६ च्या रिन्यूअलला त्यांनी रक्कम पाच लाख केली.

आता लेथवरून उडालेला लोखंडाचा कुरळा, धारदार तुकडा त्यांच्या चपलेच्या तळातून आत गेला. शुगरमुळे तळपायाची जाणीव कमी झालेली, त्यामुळे संध्याकाळी चप्पल काढली तेव्हा मोज्यावरचं रक्त घरच्यांनीच पाहिलं.

त्याच रात्री दाखल करून तुकडा काढला, आत खोलवर सफाई केली, टाके घातले, तर हा अपघाताचा उपचार आहे. शुगर नसती तरी हे करावंच लागलं असतं. पण जखम भरली नाही, पू झाला, महिन्याभराने बोट काळं पडलं आणि काढावं लागलं, तर डिस्चार्ज कार्डावर ‘डायबेटिक फूट’ असं निदान येईल. ही शुगरची थेट गुंतागुंत झाली. इथे आप्पा म्हणतील, “पण सुरुवात तर अपघातानेच झाली की!” अपघाताची सवलत `Excl02` आणि `Excl03` मध्ये लिहिलेली आहे, `Excl01` मध्ये ती नाही. त्यामुळे बोट काढण्याच्या खर्चावर कंपनी आधीचा आजार म्हणून बोट ठेवू शकते, आणि कलम तिच्या बाजूने वाचता येतं.

उलटं उदाहरणही घ्या. याच आप्पांना पावसाळ्यात डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरल्या, पाच दिवस दाखल केलं, तिथे इन्सुलिनही द्यावं लागलं. डेंग्यू डासाने होतो, शुगरमुळे नाही. पहिले तीस दिवस उलटले असतील तर हा क्लेम बसायला हवा. कंपनीने ‘पेशंटला जुनी शुगर आहे’ म्हणून खुलासा मागितला, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या: दाखल करण्याचं कारण डेंग्यू, आणि शुगर हे या दाखल होण्याचं कारण नव्हे.

मी लोकांना एक कसोटी देतो. मनातल्या मनात जुना आजार पुसून टाका आणि विचारा, तरीही हे दाखल होणं घडलं असतं का? डेंग्यू झालाच असता. काळं पडलेलं बोट बहुधा वाचलं असतं. मधल्या जागेत वाद होतात, आणि ते डॉक्टरांच्या लेखी शब्दांवर सुटतात.

मग आप्पांना शेवटी किती पैसे मिळाले?

तारखेवर अवलंबून आहे. को-पे, म्हणजे बिलातला ठरावीक हिस्सा आपण भरायची अट, आणि खोलीभाड्याची मर्यादा नाही असं धरू. बोट काढण्याचं बिल ३,८०,००० रुपये.

हे मार्च २०२७ मध्ये घडलं तर पॉलिसीला ३३ महिने झालेत, ३६ नाहीत. शुगरच्या गुंतागुंतीचा खर्च म्हणून काही मिळणार नाही.

ऑगस्ट २०२७ मध्ये घडलं तर मूळ तीन लाखांचा वेटिंग पिरियड जूनमध्ये संपलेला आहे. पण जून २०२६ ला वाढवलेल्या दोन लाखांचं घड्याळ त्या दिवशी नव्याने सुरू झालं, ते जून २०२९ ला थांबेल. म्हणून कंपनी ३,००,००० देईल आणि ८०,००० आप्पांच्या खिशातून जातील. कार्डावर पाच लाख छापलेलं असूनही.

रक्कम वाढवणाऱ्या प्रत्येकाला मी हे हिशोबाच्या कागदावर काढून दाखवतो, कारण फोनवर सांगितलेलं लक्षात राहत नाही. गरज वाटत असेल तर रक्कम लवकर वाढवा, म्हणजे घड्याळही लवकर सुरू होतं.

“शुगर लिहू नका, प्रीमियम वाढतो, तीन वर्षांनी सगळं कव्हर होतंच,” असं एकाने सांगितलं. खरं आहे का?

नाही. `Excl01` चं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मुदत संपल्यावर संरक्षण मिळतं ते लिहिलेल्या आणि स्वीकारलेल्या आजाराला. न लिहिलेल्या आजाराला तीन वर्षांनी आपोआप संरक्षण मिळत नाही. उलट माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनी क्लेम नाकारू शकते, पॉलिसीही रद्द करू शकते.

असं सांगणारे ज्या नियमावर बोट ठेवतात तो वेगळा आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की त्यानंतर कंपनीला माहिती न दिल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. पण फसवणूक सिद्ध झाली तर तेव्हाही नाकारता येतो. रोज गोळी घेणाऱ्या माणसाने फॉर्मवर ‘नाही’ची खूण केली असेल, तर तो धोका पाच वर्षं डोक्यावर घेऊन बसायचं. प्रीमियममधून वाचलेले काही हजार रुपये त्यापुढे काहीच नाहीत. फॉर्म दुसऱ्याने भरला तरी सही तुमची असते. सही करण्याआधी आजारांच्या प्रश्नांचं पान स्वतः वाचा.

हॉस्पिटलमध्ये विचारतात, “बीपी कधीपासून?” त्याचा क्लेमशी काय संबंध?

फार मोठा संबंध आहे, आणि हे मी घरच्याच अनुभवातून शिकलो. माझ्या आत्याला रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून दाखल केलं. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, बीपी किती वर्षं? मी घाबरलेलो. “असेल चार-पाच वर्षं,” असं म्हणून गेलो. त्यांनी केस पेपरवर ‘पाच वर्षं’ लिहिलं. पॉलिसीला तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. कंपनीने क्लेम नाकारला: बीपी पॉलिसीच्या आधीपासून होतं आणि अर्जात लिहिलेलं नाही.

खरं तर तिची बीपीची पहिली गोळी दोनच वर्षांपूर्वी सुरू झाली होती. ते दाखवायला आम्ही फॅमिली डॉक्टरांकडची पहिली चिठ्ठी शोधली, औषध दुकानातून जुनी बिलं काढली, हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घेतलं. सात महिने गेले. पैसे मिळाले, पण तोवर आत्याने सोन्याच्या पाटल्या गहाण ठेवून बिल भरलं होतं.

म्हणून सांगतो, अंदाजाने वर्षं सांगू नका. माहीत असेल तर नेमकं सांगा, माहीत नसेल तर “चिठ्ठी बघून सांगतो” म्हणा. घरातल्या प्रत्येक कायमच्या गोळीची पहिली चिठ्ठी फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. आणि डिस्चार्जच्या वेळी केस पेपरची हिस्ट्री वाचा. चुकीचं काही असेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांना दाखवा.

कंपनी बदलली तर वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून?

पोर्टिंग करून, म्हणजे चालू पॉलिसीच रिन्यूअलला नव्या कंपनीकडे नेऊन, गेलात तर नाही. जुन्या कंपनीत जेवढी मुदत भरली तेवढी वजा होते, जुन्या रकमेपुरती. पण जुनी पॉलिसी सोडून दिली आणि नवी स्वतंत्र काढली, तर घड्याळ शून्यावर येतं. रिन्यूअलच्या दोन महिने आधी अर्जाला लागा. नवी कंपनी नकार देऊ शकते, तेव्हा जुनी पॉलिसी हातात असायला हवी.

रिन्यूअलची तारीख चुकली तरी वार्षिक प्रीमियमला तीस दिवसांची सवलत असते. त्यात पैसे भरले तर आधी भरलेली मुदत वाया जात नाही. पण वर्षाचा प्रीमियम एकरकमी भरणाऱ्यांना मधल्या दिवसांतल्या आजाराचं संरक्षण मिळत नाही.

दोन दिवस ॲडमिट होतो, सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. क्लेम का नाकारला?

`Excl04` मुळे. “फक्त तपासण्यांसाठी दाखल झालात तर खर्च देणार नाही.” डिस्चार्ज कार्डावर फक्त रिपोर्टांची यादी असेल आणि उपचाराच्या रकान्यात काहीच नसेल, तर कंपनी हे कलम लावते. छातीत दुखत होतं, ईसीजी दर काही तासांनी बघावा लागत होता, सलाईनमधून औषध दिलं, घरी ठेवणं धोक्याचं होतं, असं खरोखर असेल तर ते कार्डावर लिहिलेलं असायला हवं. ‘फुल बॉडी चेकअप ॲडमिट होऊन करून घेऊ, विम्यातून होईल’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ते पैसे मिळत नाहीत.

मुलगा तालमीत जातो. कुस्तीत खांदा निखळला तर?

`Excl09` धोकादायक आणि साहसी खेळांबद्दल आहे, आणि ते ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेणाऱ्यांना लागतं. त्यात गिर्यारोहण, मोटार शर्यत, घोड्यांची शर्यत, स्कूबा डायव्हिंग अशी नावं आहेत. कुस्तीचं नाव नाही, पण यादी तेवढ्यावर संपत नाही असंही तिथेच लिहिलेलं आहे. हौसेने तालीम करणाऱ्या पोराचा प्रश्न सहसा येऊ नये. मानधनावर मैदानं मारणाऱ्या पैलवानाने मात्र पॉलिसी घेण्याआधी कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं आणि ते जपून ठेवावं.

बाकीची कलमं?

थोडक्यात सांगतो. सौंदर्यासाठीची सर्जरी नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतर अवयव पूर्ववत करण्यासाठीची चालते. चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन ७.५ पेक्षा कमी नंबरला नाही. दारूच्या व्यसनाचे आणि त्यातून होणाऱ्या परिणामांचे उपचार नाहीत. वंध्यत्वाचे उपचार नाहीत. बाळंतपण आणि सिझेरियन नाही, पण गर्भ नळीत राहिला तर त्याचा खर्च मिळतो. बाळंतपणाचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर त्याचे नियम त्यात लिहिलेले असतात. कंपनीने काळ्या यादीत टाकलेल्या हॉस्पिटलचं बिल `Excl11` खाली मिळत नाही. जीव धोक्यात असताना किंवा अपघातानंतर तिथे नेलं, तर पेशंट स्थिर होईपर्यंतचा खर्च मिळतो.

पॉलिसी हातात आली, आता ही कलमं वाचली आणि पटली नाहीत. परत करता येते का?

मिळाल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, त्यात वेटिंग पिरियड आणि न मिळणाऱ्या गोष्टी मोजक्या पानांत असतात. ते मराठीत मागा, मागितलं की द्यावं लागतं. मग वहीच्या एका पानावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे तीन तारखा लिहा: तीस दिवस कधी संपतात, यादीतले आजार कधीपासून, आधीचा आजार कधीपासून. रक्कम वाढवली की त्याखाली नवी ओळ.

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं तर पहिलं काय बघायचं?

कोणतं कलम लावलंय ते. कंपनीला पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख करावाच लागतो. नुसतं ‘अटींनुसार देय नाही’ असं आलं तर कलमाचा क्रमांक लेखी मागा. मग ते कलम तुमच्या तारखांशी आणि डिस्चार्ज कार्डाशी ताडून बघा. चूक दिसली तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. कोल्हापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तक्रार `cioins.co.in` वर ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या शेवटच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं. सोबत पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि त्या पहिल्या चिठ्ठीचा फोटो जोडा.